एका वाक्याचे चार खर्डे: ॲबस्ट्रॅक्ट, प्लेजिअरिझम, व्हायवा आणि पिअर रिव्ह्यू म्हणजे नेमकं काय

पदव्युत्तर वर्गाच्या पहिल्याच महिन्यात हे शब्द कानावर पडायला लागतात. मार्गदर्शक म्हणतात, ‘आधी ॲबस्ट्रॅक्ट दाखवा.’ सीनियर म्हणतात, ‘प्लेजिअरिझम चेकमध्ये अडकशील.’ कोणीतरी व्हायवाच्या नावाने घाबरवतं, कोणीतरी विचारतं की तुमचा पेपर पिअर रिव्ह्यूड जर्नलमध्ये आहे का. प्रत्येकाचा अर्थ कोशात दोन ओळींत सापडतो, पण तेवढ्याने काम भागत नाही, कारण हे शब्द एका मागोमाग एक, एकाच कामावर येऊन आदळतात. म्हणून इथे एकच छोटा अभ्यास घेऊ आणि तो या चारही दारांतून नेऊ. अभ्यास रचलेला आहे, आकडे उदाहरणासाठी आहेत, पण चुका मात्र मी दरवर्षी तपासतो त्याच आहेत.

समजा, एका विद्यार्थिनीने लघुप्रबंधासाठी प्रश्न घेतला: पडद्यावर वाचलेला मजकूर छापील मजकुराइतकाच समजतो का? पदवीचे ६४ विद्यार्थी आले. चिठ्ठ्या टाकून त्यांचे दोन गट केले. दोन्ही गटांना १,२०० शब्दांचा एकच उतारा दिला, एका गटाला कागदावर, दुसऱ्याला संगणकाच्या पडद्यावर. मग २० गुणांची चाचणी घेतली. प्रत्येक गटातल्या दोघांनी चाचणी अर्धवट सोडली, म्हणून उरले ३० आणि ३०. छापील गटाची सरासरी १४.२ आली, पडदा गटाची १२.९. म्हणजे फरक १.३ गुणांचा. दोन्ही गटांत गुणांचं प्रमाण विचलन साधारण ३ होतं, म्हणजे मुलांचे गुण सरासरीच्या वर-खाली बऱ्यापैकी पसरलेले होते. हा शेवटचा आकडा पुढे फार उपयोगी पडणार आहे.

ॲबस्ट्रॅक्ट: जे केलं तेच, पण थोडक्यात

ॲबस्ट्रॅक्टला मराठीत सारांश किंवा गोषवारा म्हणतात. तो प्रबंधाच्या सुरुवातीला छापला जातो आणि सगळ्यात शेवटी लिहिला जातो. साधारण १५० ते ३०० शब्द, एकच परिच्छेद. नेमकी मर्यादा तुमचा विभाग किंवा जर्नल सांगतं, ती आधी विचारून घ्या.

दोन गोष्टींशी त्याची गल्लत होते. पहिली म्हणजे सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाची रूपरेषा. ती काम सुरू होण्याआधी देतात, त्यामुळे तिची क्रियापदं भविष्यकाळात असतात: ‘निवडले जातील’, ‘चाचणी घेतली जाईल’. ॲबस्ट्रॅक्ट झालेल्या कामाचा असतो. सिनॉप्सिस कॉपी करून नुसते काळ बदलले, तर हाती येतं ते असं की ज्यात पद्धत आहे पण निकाल नाही. दुसरी गल्लत प्रस्तावनेशी. प्रस्तावना वाचकाला विषयाच्या दारापर्यंत आणते. ॲबस्ट्रॅक्ट वाचणारा माणूस दारातच उभा असतो आणि आत शिरावं की नाही हे ठरवत असतो.

आपल्या विद्यार्थिनीचा पहिला खर्डा असा होता:

‘आजच्या डिजिटल युगात वाचनाचे स्वरूप झपाट्याने बदलत आहे. वाचन ही मानवी जीवनातील अत्यंत महत्त्वाची प्रक्रिया आहे. प्रस्तुत संशोधनात छापील व पडद्यावरील वाचनाचा तुलनात्मक अभ्यास करण्यात आला आहे. त्यासाठी योग्य संशोधन पद्धतीचा अवलंब करण्यात आला. या अभ्यासातून छापील वाचन अधिक परिणामकारक असल्याचे सिद्ध होते. निष्कर्ष व शिफारशी सविस्तर मांडल्या आहेत.’

वाचताना काही खटकलं नाही ना? हाच घोळ आहे. यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य दुसऱ्या कुठल्याही प्रबंधात बसेल. ॲबस्ट्रॅक्ट तपासायची माझी कसोटी साधी आहे: वाक्यावर बोट ठेवा आणि विचारा, हे वाक्य माझं काम न करताही लिहिता आलं असतं का? आलं असतं, तर ते खोडा. वरच्या खर्ड्यात या कसोटीला जेमतेम दीड वाक्य उरतं. ‘योग्य संशोधन पद्धती’ म्हणजे कोणती? किती जण होते? किती फरक आला? काहीच नाही.

आणि मग ते वाक्य: ‘सिद्ध होते’. १.३ गुणांच्या फरकावरून काय सिद्ध होतं हे पाहायला एक पायरी लागते. दोन वाचनांत मुळात काहीच फरक नाही असं धरलं, तरी कोणत्या चिठ्ठीत कोण निघालं एवढ्याच योगायोगाने थोडा फरक दिसणारच. एवढा किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता किती, हे सांगणाऱ्या आकड्याला पी-मूल्य म्हणतात. ३० आणि ३० जणांच्या गटांत, प्रमाण विचलन ३ असताना, १.३ गुणांच्या फरकासाठी ते ०.१० च्या आसपास येतं, म्हणजे शंभरात दहा वेळा. अनेक विद्याशाखांत प्रथा अशी की हा आकडा ०.०५ पेक्षा कमी असेल तरच फरकाला सांख्यिकीदृष्ट्या सार्थक म्हणायचं. ही सीमारेषा काही निसर्गनियम नाही, ठरवून घेतलेली आहे. पण ती पाळायची असेल तर हा फरक सार्थक नाही, आणि मग ‘सिद्ध होते’ हे वाक्य चूक आहे.

दुसरा खर्डा मार्गदर्शकांसोबत बसून झाला:

‘पडद्यावर वाचलेला मजकूर छापील मजकुराइतकाच समजतो का, हे पाहण्यासाठी हा अभ्यास केला. पदवीच्या ६४ विद्यार्थ्यांची यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत विभागणी केली. दोन्ही गटांनी १,२०० शब्दांचा एकच माहितीपर उतारा वाचला, एकाने छापील, दुसऱ्याने संगणकाच्या पडद्यावर. त्यानंतर २० गुणांची आकलन चाचणी घेतली. चाचणी पूर्ण करणाऱ्या ६० जणांत छापील गटाची सरासरी १४.२ आणि पडदा गटाची १२.९ आली. हा फरक सांख्यिकीदृष्ट्या सार्थक नव्हता (पी-मूल्य ०.१०). एकच उतारा आणि लहान नमुना या अभ्यासाच्या मर्यादा आहेत. छापील वाचनाच्या बाजूने कल दिसतो.’

यात प्रश्न, कोणावर, कसं, काय मिळालं, कुठे कमी पडलं, हे सगळं आलं. संदर्भ नाहीत, आणि ते बरोबरच आहे, कारण ॲबस्ट्रॅक्ट बहुधा प्रबंधापासून सुटा होऊन फिरतो. याच कारणाने त्यात संक्षेपाक्षरं उलगडून लिहावीत. शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, त्यावर आपण दोनदा परत येणार आहोत.

कलाशाखेच्या विद्यार्थ्यांना वाटेल, आमच्याकडे कुठे आलेत सरासरी आणि पी-मूल्य. आकड्यांच्या जागी तिथे युक्तिवाद येतो: कोणती साधनं वाचली, कोणत्या प्रश्नासाठी, आणि आधीच्या अभ्यासकांपेक्षा वेगळं काय म्हणायचं आहे. बोट ठेवायची कसोटी तीच. ‘विविध पैलूंचा वेध घेतला आहे’ हे वाक्य कुठल्याही शाखेत खोडायचंच.

प्लेजिअरिझम: टक्केवारीच्या पलीकडचं

मराठीत वाङ्मयचौर्य. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ माणसं पळवणारा. पहिल्या शतकातल्या मार्शल या रोमन कवीने आपल्या कविता स्वतःच्या म्हणून वाचणाऱ्याला तो शब्द लावला, आणि पुढे तो चिकटला. दुसऱ्याचे शब्द, कल्पना, आकडे, आकृत्या किंवा मांडणी श्रेय न देता आपली म्हणून देणं, असा त्याचा आजचा अर्थ. यात ‘शब्द’ एवढंच ऐकून बरेच जण थांबतात आणि तिथेच फसतात.

उदाहरण घेऊ. समजा, पूर्वसंशोधनाचा आढावा लिहिताना आपल्या विद्यार्थिनीसमोर एका लेखातलं हे वाक्य आहे:

‘पडद्यावर वाचताना वाचक मजकुरात आपण नेमके कुठे आहोत याचा अंदाज हरवतो, कारण पानाला जाडी नसते, डावे-उजवे नसते आणि वाचून झालेला भाग हाताला जाणवत नाही.’

तिने लिहिलं:

‘स्क्रीनवर वाचन करताना वाचकाला आपण मजकुरात कुठे आहोत हे समजत नाही, कारण पानाला जाडी नसते, डावी-उजवी बाजू नसते आणि वाचलेला भाग हाताला कळत नाही.’

शब्द बदलले. वाक्याचा सांगाडा, कारणांची संख्या, त्यांचा क्रम सगळा मूळ लेखकाचा. खाली संदर्भ दिला असता तरी हे चाललं नसतं, कारण संदर्भ सांगतो की कल्पना कोणाची, आणि वाचक धरून चालतो की वाक्य मात्र तुमचं. वाक्यही त्याचंच असेल तर अवतरणचिन्हं हवीत. तिचा दुसरा प्रयत्न:

‘कागदी पुस्तकात किती वाचून झालं हे हाताला कळत असतं. पडद्यावर हा स्पर्शाचा आधार सुटतो, त्यामुळे वाचलेलं आठवत नाही, असं अमुक लेखकाचं म्हणणं आहे.’

भाषा आता तिची स्वतःची झाली, पण नवी चूक शिरली. मूळ लेखक आठवणीबद्दल काही बोललाच नव्हता, जागेच्या अंदाजाबद्दल बोलला होता. न बोललेलं त्याच्या तोंडी घातलं. ही चोरी नसली तरी खोटी साक्ष आहे, आणि शब्द बदलण्याच्या खटाटोपात ती फार वेळा होते. ‘त्यामुळे वाचक मजकुरातली आपली जागा विसरतो’ एवढं म्हटलं की झालं, आणि शेवटी आडनाव आणि वर्ष.

या दोन्ही चुका लिहिताना होतात असं वाटतं, पण त्यांचं मूळ टिपणं काढण्यात असतं. वही किंवा फाइलमध्ये तीन खुणा ठेवा. जसंच्या तसं उतरवलेलं वाक्य अवतरणात, पान क्रमांकासह. स्वतःच्या शब्दांत काढलेलं टिपण दुसऱ्या खुणेने. आणि वाचताना तुम्हाला सुचलेलं तिसऱ्या खुणेने. सहा महिन्यांनी टिपणं उघडल्यावर कोणतं वाक्य कोणाचं हे आठवत नाही, कोणालाच नाही. स्वतःच्या शब्दांत टिपण काढताना मूळ लेख बंद करा, लिहा, मग उघडून अर्थ ताडून पाहा. उघड्या लेखाकडे बघत लिहिलेलं वाक्य मूळच्या वाक्याकडे ओढलं जातंच.

आता सॉफ्टवेअरचा अहवाल. त्यात येणारा आकडा साम्याचा असतो, चोरीचा नव्हे. यंत्र एवढंच सांगतं की तुमचे इतके शब्द त्याच्या साठ्यातल्या मजकुराशी जुळले. संदर्भसूची जुळणारच, योग्य अवतरणंही जुळणार, ‘माहितीचे विश्लेषण करण्यासाठी’ सारखी वाक्यंही जुळणार. म्हणून २० टक्के साम्य निर्धोक असू शकतं आणि ४ टक्क्यांत एक अख्खा उचललेला परिच्छेद असू शकतो. तुमच्या संस्थेची मर्यादा पाळावीच लागते, पण अहवाल हाती आला की आधी रंगवलेले भाग वाचा. एकाच स्रोताशी सलग तीन-चार वाक्यं जुळली असतील तर तिथे थांबा. आकडा खाली आणण्यासाठी शब्दांना प्रतिशब्द टाकत बसणं म्हणजे वर दाखवलेली पहिली चूक मुद्दाम करणं.

मराठीत लिहिणाऱ्यांनी एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. इंग्रजी लेखातले परिच्छेद मराठीत भाषांतर करून श्रेयाशिवाय वापरणं हे सरळ वाङ्मयचौर्य आहे. शब्द जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरला ते सहसा दिसत नाही, म्हणून ‘अहवाल स्वच्छ आला’ असं समाधान वाटतं. परीक्षकाला मात्र दिसतं. वाक्यरचना अचानक अवघडते, ‘हे लक्षात घेणे मनोरंजक आहे’ असं काहीतरी येतं. आणखी एक खूण आहे: आढाव्यातले सगळे संदर्भ एका ठरावीक वर्षाशी येऊन थांबतात. मूळ इंग्रजी लेख ज्या वर्षी लिहिला गेला तेच ते वर्ष. त्यानंतर जणू जगात कोणी संशोधन केलंच नाही.

यालाच लागून आणखी एक खोड: एका लेखात दुसऱ्या लेखाचा उल्लेख वाचायचा आणि मूळ लेख न बघता तो थेट संदर्भात टाकायचा. मूळ मिळाला नाही तर ‘अमुक यांनी उद्धृत केल्याप्रमाणे’ असं लिहायची सोय आहे, ती वापरा. व्हायवात न वाचलेल्या संदर्भावर प्रश्न आला की माणसाच्या चेहऱ्यावर सगळं उमटतं. स्वतःचं आधी सादर केलेलं लेखन न सांगता पुन्हा नवं म्हणून देणंही याच वर्गात मोडतं, त्याला स्व-वाङ्मयचौर्य म्हणतात. तिथे चोरी नसते, नवं काम दिल्याचा आभास असतो.

व्हायवा: काम तुमचंच आहे का, आणि तुम्हाला कळलंय का

पूर्ण शब्द ‘व्हायवा व्होसी’, लॅटिन, अर्थ ‘जिवंत आवाजाने’. मराठीत मौखिक परीक्षा, बोलण्यात सगळे व्हायवाच म्हणतात. प्रबंध आधीच वाचून आलेला बाह्य परीक्षक, बहुतेक ठिकाणी एक अंतर्गत परीक्षक, आणि समोर तुम्ही. पदव्युत्तर पातळीवर ती छोटी असते, पीएच.डी.ला लांबते.

पहिला प्रश्न बहुधा ‘तुमचं काम थोडक्यात सांगा’ हाच असतो. तिथे ॲबस्ट्रॅक्ट पाठ म्हणू नका. परीक्षकांनी तो वाचलेला असतो आणि त्यांना तुमच्या तोंडचं ऐकायचं असतं. दोन मिनिटांत प्रश्न, पद्धत आणि निकाल सांगा आणि थांबा. मग खरी परीक्षा सुरू होते. आपल्या विद्यार्थिनीची अशी झाली:

‘तुम्ही ६० च जण का घेतले?’

‘सर, वेळेत तेवढेच मिळाले.’

‘ठीक. पण १.३ गुणांचा फरक खरा असेल, तर तो पकडायला किती जण लागले असते?’

‘मॅडमनी हिशेब करायला सांगितला होता, सर. प्रत्येक गटात साधारण ८५. तेवढे असते तर असा फरक खरोखर असल्यास पाचातल्या चार वेळा तो सार्थक म्हणून दिसला असता. माझे ३० च होते, म्हणून फरक नाही असं मी म्हणू शकत नाही. तो मला पकडता आला नाही एवढंच म्हणते.’

‘सगळ्यांना दोन्ही प्रकारे का नाही वाचायला दिलं? गट करायची गरजच उरली नसती.’

‘एकच उतारा दुसऱ्यांदा वाचला की तो आधीच माहीत असतो, सर. त्यासाठी सारख्या अवघडपणाचे दोन उतारे लागले असते आणि निम्म्यांना आधी कागद, निम्म्यांना आधी पडदा असा क्रम उलटा करावा लागला असता. ते जास्त चांगलं झालं असतं.’

इथवर छान. पहिलं उत्तर प्रामाणिक होतं, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. शेवटच्या उत्तरात तिने आपल्या रचनेपेक्षा चांगली रचना सांगितली, याने गुण कमी होत नाहीत, उलट परीक्षकाला कळतं की पद्धत तिने नुसती उचललेली नाही. मग हा प्रश्न आला:

‘वाचायला वेळेची मर्यादा होती?’

‘नाही, सर.’

‘मग कोणी किती वेळ घेतला?’

‘नोंद केली होती, सर. छापील गटाला सरासरी सात मिनिटं लागली, पडदा गटाला सहा.’

‘हे प्रबंधात कुठे आहे?’

नव्हतं. नोंदवहीत होतं, प्रबंधात आणायचं राहून गेलं. आणि हा प्रश्न वरवरचा नाही. पडदा गटाने भरभर वाचलं असेल, तर गुण कमी पडण्याचं कारण पडदा की घाई, हे या अभ्यासातून वेगळं काढता येत नाही. अशा वेळी लटकी कारणं देत सुटणं ही व्हायवात सर्रास दिसणारी चूक आहे. ती म्हणाली, ‘हे माझ्याकडून राहिलं, सर. परिशिष्टात घालते आणि मर्यादांमध्ये लिहिते.’ परीक्षकांनी दुरुस्तीच्या यादीत ते टिपलं आणि पुढे गेले.

‘माहीत नाही’ म्हणता येतं का? येतं, पण त्याच्या पुढचं अर्धं वाक्य महत्त्वाचं. ‘माहीत नाही, पण शोधायचं झालं तर वाचनाचा वेळ सारखा ठेवून पुन्हा घेईन’ हे उत्तर आहे. नुसतं ‘माहीत नाही’ हे एकदा-दोनदा चालतं. स्वतःच्या निकालाबद्दल मात्र ते चालत नाही.

तयारीसाठी दोनच कामं सुचवतो, बाकी ज्याचं त्याला ठाऊक. व्हायवाच्या आदल्या आठवड्यात मूळ आकडे उघडा आणि मुख्य निकाल कोऱ्या कागदावर पुन्हा काढा. तो जुळत नसेल तर परीक्षकांच्या आधी तुम्हाला कळलेलं बरं. दुसरं, प्रबंधात सापडलेल्या चुकांची यादी करून छापून न्या. स्वतःहून यादी पुढे करणाऱ्याला मुद्रणदोषांवरून सहसा कोणी छळत नाही.

व्हायवानंतर तिच्या शेवटच्या वाक्याचा तिसरा खर्डा झाला: ‘छापील वाचनाच्या बाजूने कल दिसतो, मात्र पडदा गटाने वाचायला कमी वेळ घेतल्याने कारण निश्चित करता येत नाही.’

पिअर रिव्ह्यू: न पाहिलेल्या माणसाचं पत्र

लघुप्रबंधावरून लेख झाला आणि तो जर्नलला गेला. पिअर रिव्ह्यू म्हणजे समकक्ष परीक्षण: त्याच विषयातले, पण तुमच्या कामाशी संबंध नसलेले दोन-तीन जाणकार लेख वाचून संपादकाला लेखी मत देतात. छापायचं की नाही हे संपादक ठरवतो. परीक्षक सल्ला देतो, सहसा मोबदल्याशिवाय. परीक्षकाचं नाव तुम्हाला कळत नाही, पण तुमचं त्याला कळतं, याला सिंगल ब्लाइंड म्हणतात. दोघांनाही एकमेकांचं नाव कळत नसेल तर डबल ब्लाइंड. डबल ब्लाइंड जर्नलला लेख पाठवताना ‘आमच्या आधीच्या अभ्यासात’ असं लिहून स्वतःला उघडं करू नका, आणि फाइलच्या तपशिलातलं नावही काढा.

ही पद्धत वाटते तितकी जुनी नाही. ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ हे नियतकालिक १६६५ साली निघालं, पण बाहेरच्या परीक्षकांकडे लेख पाठवणं सर्वत्र नियमाचं व्हायला विसावं शतक उजाडलं. ‘नेचर’ने ते १९७३ मध्ये सक्तीचं केलं. १९३६ साली आइन्स्टाइन आणि रोझेन यांनी गुरुत्वीय लहरींवरचा लेख एका अमेरिकी जर्नलला पाठवला. संपादकांनी तो निनावी परीक्षकाकडे दिला, त्याने शंका काढल्या. आइन्स्टाइन संतापले आणि लेख परत घेऊन दुसरीकडे पाठवला. पण छापून यायच्या आधी मूळ निष्कर्षातली चूक त्यांच्या लक्षात आली आणि लेख बदलावा लागला. परीक्षकाची शंका खरी होती.

उत्तर चारांपैकी एक येतं. संपादक परीक्षकाकडे न पाठवताच नाकारतो, याला डेस्क रिजेक्शन म्हणतात, आणि बहुधा विषय त्या जर्नलचा नसतो एवढंच कारण असतं. परीक्षणानंतरचा नकार. मोठ्या दुरुस्त्या. किंवा छोट्या दुरुस्त्या. पहिल्याच फेरीत जसाच्या तसा स्वीकार फार क्वचित. ‘मोठ्या दुरुस्त्या’ वाचून रडू येतं, पण त्याचा अर्थ संपादकाला लेख पुन्हा पाहायचा आहे. ही बातमी वाईट नाही.

परीक्षक तुमचा प्रयोग पुन्हा करत नाही, तुमचे मूळ आकडेही बहुधा पाहत नाही. म्हणून बनावट आकडे परीक्षणातून सुटू शकतात आणि पुढे लेख मागे घ्यावे लागतात. जुळत नसलेला दावा मात्र तो पकडतो. आपल्या विद्यार्थिनीला आलेला शेरा असा:

‘लेखिका फरक सार्थक नसल्याचे सांगतात आणि लगेच कल दिसतो म्हणतात. दोन्ही एकाच वेळी म्हणता येणार नाही. विश्वासांतर द्यावे.’

पहिल्या रागात तिने उत्तर लिहिलं: ‘परीक्षकांनी आमचा मुद्दा नीट समजून घेतलेला नाही.’ असं पत्र पाठवू नका. दोन दिवस ठेवा. परीक्षकाला मुद्दा कळला नसेल, तर तो इतर वाचकांनाही कळणार नाही, म्हणजे दुरुस्ती वाक्यातच हवी. शिवाय इथे तो बरोबरच होता. ९५ टक्के विश्वासांतर म्हणजे आकड्यांशी सुसंगत असा फरकाचा पट्टा. तिच्या आकड्यांत तो उणे ०.२५ पासून २.८५ गुणांपर्यंत येतो. त्यात शून्य आहे, पडद्याच्या बाजूचा थोडासा फरकही आहे, आणि छापीलच्या बाजूचा जवळजवळ तीन गुणांचा फरकही. ‘कल’ म्हणण्याइतकं तिच्या हाती काही नव्हतं, जरी हा शब्द तिच्या मार्गदर्शकांनीच घातला होता.

उत्तराच्या पत्रात प्रत्येक शेरा जसाच्या तसा उतरवायचा, त्याखाली आपलं उत्तर, आणि बदल कोणत्या पानावर, कोणत्या ओळीत केला ते. तिचं अंतिम उत्तर: ‘शेरा मान्य आहे. ‘कल दिसतो’ हा उल्लेख ॲबस्ट्रॅक्ट आणि निष्कर्ष दोन्हींतून काढला. ९५ टक्के विश्वासांतर पान ७, ओळ १२ वर दिले आहे.’ न पटलेला शेरा नाकारताही येतो, फक्त कारण आणि आधार द्यावा लागतो. दुसरा परीक्षक म्हणाला होता, अभ्यास शाळेतल्या मुलांवरही करा. त्यावर तिने लिहिलं की प्रश्न पदवीच्या विद्यार्थ्यांपुरता आहे आणि तसं शीर्षकातच स्पष्ट केलं आहे. संपादकांनी ते मान्य केलं.

एक सावधगिरी. लेख पाठवल्यावर दोन दिवसांत ‘स्वीकारला’ असं पत्र आलं, परीक्षकांचा एकही शेरा नाही, आणि सोबत शुल्काची मागणी असेल, तर तिथे परीक्षण झालेलंच नाही. खऱ्या परीक्षणाला आठवडे, बहुधा महिने लागतात. फक्त शुल्कावरून मात्र शंका घेऊ नका, चांगली मुक्त-प्रवेश जर्नलंही ते घेतात. संपादक मंडळातल्या दोघा-तिघांची नावं त्यांच्या स्वतःच्या संस्थेच्या पानावर शोधा, तिथे त्या जर्नलचा उल्लेख आहे का पाहा, आणि तिथले दोन छापील लेख वाचा.

दुरुस्तीनंतर गेलेल्या ॲबस्ट्रॅक्टचं शेवटचं वाक्य, चौथा खर्डा, असं होतं: ‘फरकाचे ९५ टक्के विश्वासांतर उणे ०.२५ ते २.८५ गुण इतके रुंद असल्याने, आणि दोन गटांचा वाचनवेळ वेगळा असल्याने, या माहितीवरून दोन्ही माध्यमांत आकलनाचा फरक आहे किंवा नाही असे ठरवता येत नाही. वेळ सारखा ठेवून प्रत्येक गटात किमान ८५ जणांवर चाचणी घ्यावी लागेल.’